स्वस्त पाहुणा, महाग पाहुणा

मोबाइलवर बातम्या वाचताना मध्येच 'हा खेळ डाउनलोड करा' अशी जाहिरात येते. आपण ऐकतो, खेळ उतरवून घेतो आणि खेळाच्या मालकाच्या खात्यातून काही रुपये जातात. जाहिरातीचा खर्च भागिले त्यातून आलेली माणसं, हा झाला एका इन्स्टॉलचा खर्च. तो परवडला का, हे मात्र ती माणसं पुढे किती मिळवून देतात यावर ठरतं.

माझा भाचा मराठी शब्दकोड्यांचं अ‍ॅप चालवतो. त्याच्या वहीतले आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. एका महिन्यात त्यानं जाहिरातींवर ४०,००० रुपये खर्च केले आणि ३,००० नवी माणसं आली. म्हणजे माणशी साधारण १३ रुपये. सहा महिन्यांत माणशी मिळकत १८ रुपये. वरवर पाहता फायदाच!

पण त्या तीन हजारांतले १,००० जण जाहिरात न पाहता, मित्रानं सांगितलं म्हणून किंवा शोधत आले होते. ते तसेही आलेच असते. त्यांना वगळलं, तर २,००० माणसांमागे माणशी २० रुपये खर्च पडला. त्यांची मिळकतही १८च निघाली. म्हणजे प्रत्येकामागे दोन रुपये खिशातून गेले.

मग त्यानं जाहिराती वेगळ्या केल्या. पहिलीतून १,२०० जण आले, माणशी १० रुपयांत. दुसरीतून ८०० जण, माणशी ३५ रुपयांत. कुणीही म्हणेल, दुसरी बंद करा. पण स्वस्तात आलेल्यांनी दोन दिवसांत अ‍ॅप काढून टाकलं. त्यांनी माणशी ४ रुपयेच दिले. महागातले रोज कोडी सोडवत राहिले. त्यांनी दुकानाचं कमिशन वजा जाता ३९ रुपये दिले. बंद करायची होती ती पहिली.

यासाठी सहा महिने थांबावं लागतं का? नाही. त्या ३९ पैकी १६ रुपये पहिल्या सात दिवसांतच आले होते. आधीच्या तुकड्यांतही हेच प्रमाण दिसलं असेल, तर नव्या तुकडीचा आठवा दिवस उजाडला की अंदाज बांधता येतो. उरलेले पैसे मात्र हळूहळू येतात, आणि तोवर भांडवल अडकून राहतं.

आता दुसरी जाहिरात दुप्पट करावी का? भाच्यानं खर्च २८,००० वरून ५६,००० केला. माणसं ८०० वरून १,३००च झाली. कोड्यांची खरी आवड असणारे आधीच येऊन गेले होते. सरासरी ४३ रुपये दिसते, पण वाढीव ५०० जण माणशी ५६ रुपयांना पडले, आणि मिळकत फार तर ३९. म्हणून पुढचा रुपया टाकताना सरासरी पाहू नये. त्या रुपयानं आणलेला नवा माणूस किती परत देतो, एवढंच पाहावं.