मामांकडे दुकानासाठी पैसे मागताना

तालुक्याच्या गावात कॉलेजजवळ स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान टाकू पाहणारा एक भाचा मामांना लिहितो आहे, असं धरू. ‘तीर्थस्वरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार’ झाल्यावर ख्यालीखुशालीत दोन पानं घालवू नयेत. रक्कम पहिल्याच परिच्छेदात यावी: ‘दुकानाला ३ लाख लागतील. १ लाख माझे साठलेले आहेत. २ लाख तुमच्याकडून उसने हवेत.’

मग हिशेब. गाळ्याचं डिपॉझिट ६० हजार, फर्निचर ५० हजार, जुनं झेरॉक्स मशीन ७० हजार, माल ९० हजार. उरलेले ३० हजार हाताशी ठेवायचे. नवखी मुलं नेमकी हीच रक्कम विसरतात, सगळा पैसा मालात घालतात आणि दुसऱ्याच महिन्यात भाड्यासाठी पुन्हा मामांकडे जातात.

पुढे बहुतेक पत्रं घसरतात. ‘रोज ४ हजारांचा गल्ला होईल’ असं लिहिलेलं असतं, पण हप्ता गल्ल्यातून नव्हे, नफ्यातून जातो. भाच्याने असं लिहावं: ‘मालाची किंमत, कागद आणि टोनर वजा जाता रोज १,१०० रुपये सुटतील. महिन्याचे २६ दिवस धरले तर २८,६०० होतात. भाडं, वीज, मशीनची देखभाल मिळून १३ हजार. उरलेल्या १५,६०० मधून तुमचा हप्ता ८ हजार. रोजचे १,१०० चे ८०० झाले, तर हप्ता पूर्ण निघणार नाही. तसं दिसलं की मी हप्त्याच्या तारखेआधीच फोन करीन.’ मामा धास्तावतील म्हणून हे शेवटचं वाक्य गाळावंसं वाटतं. माझ्या मते पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे.

हप्ते धंद्याच्या हंगामाला धरून ठरवावेत. मे महिन्यात पैसे घेतले, जूनमध्ये दुकान उघडलं, तर पहिला हप्ता सप्टेंबरचा. एप्रिल-मे कॉलेजला सुट्टी, गिऱ्हाईक नाही, म्हणून त्या दोन महिन्यांत हप्ता नाही. असे २५ हप्ते तिसऱ्या जानेवारीत संपतात. मामांना ठेवीवर जे व्याज मिळतं, तेवढंच उरलेल्या रकमेवर दर मार्चअखेर वेगळं द्यावं.

पैसे बँकेतूनच घ्यावेत. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीत घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. परतफेडीलाही तोच नियम. हप्ता ८ हजारांचाच असला तरी बाकी २० हजारांच्या वर असेपर्यंत रोख देऊ नये.

मुदत ठरलेली नसेल, तर उसन्या पैशाचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून ३ वर्षांत करावा लागतो. त्याआधी कर्जदाराने बाकी मान्य असल्याचं सही करून लिहून दिलं, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून भाच्याने आपणहून लिहावं: ‘दर मार्चअखेर बाकी किती ते लिहून, सही करून पाठवीन. मामींनाही हे पत्र दाखवा.’