प्लॅन सांगण्याआधी एनडीए का मागायचा? खोडाळ्याची नागली बिस्किटं आणि कोर्टात गेलेला 'झोंबिवली'

समजा, मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यात एक महिला बचत गट आहे. गटानं दोन वर्षं खटपट करून मैदा न घालता नागलीचं असं बिस्किट बनवलंय, जे हातात घेतल्यावर भुगा होत नाही. घरच्या भट्टीवर दिवसाला पंधरा-वीस किलोच माल निघतो. नाशिकच्या एका बेकरीवाल्याकडे मोठा ओव्हन आहे, पॅकिंगचं मशीन आहे आणि त्याला यात रस आहे. तो म्हणतो, "ताई, या एकदा. रेसिपी, खर्चाचा हिशोब, कुठे विकायचं ठरवलंय ते सगळं घेऊन या. बसून बोलू."

आता प्रश्न असा की सगळं घेऊन जायचं का? उद्या त्यानं तेच बिस्किट स्वतःच्या नावानं बाजारात आणलं तर काय करायचं?

इथे कामाला येतो तो एनडीए, म्हणजे 'नॉन-डिस्क्लोजर ॲग्रीमेंट'. मराठीत म्हणायचं तर गोपनीयतेचा करार. पण नुसती सही घेतली म्हणजे काम झालं, असं नाही. ते का, हे समजून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात गेलेली दोन प्रकरणं बघूया.

एक सिरियल, एक सिनेमा आणि दोन वेगळे निकाल

पहिलं प्रकरण 'झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स' या नावानं ओळखलं जातं. सनडायल या निर्मिती संस्थेनं एका मालिकेची कल्पना तयार केली होती. एका कुटुंबात कृष्ण लहान मुलाच्या रूपात येतो, अशी तिची मध्यवर्ती कल्पना. ती कागदावर नीट मांडून, नोंदणी करून झीसमोर सादर केली होती. पुढे झीवर 'कन्हैया' नावाची मालिका आली आणि सनडायल कोर्टात गेली. 2003 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मालिकेविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. कॉपीराइट नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, पण विश्वासानं सोपवलेल्या माहितीचा गैरवापर ही वेगळी गोष्ट आहे, असं कोर्टानं स्पष्ट केलं.

दुसरं प्रकरण 2021 चं. झोम्बी थेट डोंबिवलीत आणणारा 'झोंबिवली' हा मराठी सिनेमा आठवत असेल. तो प्रदर्शित होण्याआधी एका दिग्दर्शकानं निर्माती कंपनी सारेगामाविरुद्ध दावा केला. आपली 'हैला! झोम्बी' नावाची पटकथा आपण विश्वासानं दिली होती आणि तिचा वापर झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मनाई हुकूम द्यायला नकार दिला. जानेवारी 2022 मध्ये सिनेमा प्रदर्शित झाला.

निकाल उलटे आले, पण कोर्ट दोन्ही वेळा जवळपास तेच चार प्रश्न विचारत होतं. नेमकी कोणती माहिती गुप्त होती? ती विश्वासानं, गुप्त ठेवण्याच्या अटीवर दिली होती का? ती मुळात गुप्त म्हणता येईल अशी होती का, की सगळ्यांना माहीतच होती? आणि समोरच्यानं ती परवानगीशिवाय वापरली का? 'झोंबिवली'च्या वेळी दावा अडखळला तो मुख्यतः या नेमकेपणावर. झोम्बी आले, माणसं इमारतीत अडकली, अशा गोष्टी या प्रकारच्या सिनेमात असतातच. त्या कुणा एकाच्या गुपितात मोडत नाहीत.

भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. 1872 चा करार कायदा आणि कोर्टाचे असे निकाल, यांवरच सगळं चालतं. लेखी करार नसेल तरी परिस्थितीवरून विश्वासाचं नातं सिद्ध करता येतं, पण ते सगळं तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. एनडीए केला की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधीच कागदावर येतात. म्हणून तो मागायचा.

खोडाळ्याच्या गटाकडे गुपित नेमकं काय आहे?

एनडीए मागण्याआधी गटानं स्वतःशीच हा हिशोब करायला हवा. नागलीचं बिस्किट ही कल्पना गुपित नाही, नागलीची बिस्किटं दुकानात मिळतात. बिस्किटात काय काय आहे, हेही गुपित राहणार नाही. पाकिटावर घटक पदार्थांची यादी छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, तीही वजनाच्या उतरत्या क्रमानं. पाकिटावर तारपा नाच काढायचं ठरवलं असेल, तर तोही गुपित नाही. वारली चित्रशैली हा जव्हार-मोखाड्याचा सामाईक वारसा आहे. तुम्ही काढलेल्या विशिष्ट चित्रावर मात्र तुमचा कॉपीराइट आपोआप असतो.

मग उरतं काय? पिठांचं नेमकं प्रमाण. नागली किती वेळ भिजवायची, किती मोड आणायचे, किती आचेवर भाजायची. कोणत्या पाड्यावरून कोणत्या भावानं धान्य येतं. एका किलोमागचा खर्च. आणि कुठल्या दुकानदारांशी बोलणी झालीत. हे खरं गुपित आणि करारात याच गोष्टी मोजून लिहायच्या.

मागायचं कसं?

बऱ्याच जणांना इथेच संकोच वाटतो. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असं समोरचा म्हणेल, अशी भीती असते. म्हणून भेट ठरतानाच, माहिती देण्याच्या आधी, साधा मेसेज पाठवायचा. उदाहरणार्थ:

"नमस्कार दादा, तुमच्यासोबत काम करायला आमच्या गटाला आवडेल. भेटीत बिस्किटं चाखायला घेऊन येतो. प्रमाण, भाजण्याची पद्धत आणि खर्चाचा हिशोब दाखवण्याआधी दोघांनी सही करायचा दोन पानी गोपनीयतेचा करार सोबत पाठवतेय. तुम्ही तुमची माहिती आम्हाला सांगाल तीही आम्ही बाहेर सांगणार नाही, असं त्यात आहे. काही बदल हवा असेल तर सांगा."

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. करार दोन्ही बाजूंना बांधणारा आहे, त्यामुळे तो अविश्वास वाटत नाही. आणि कोणती माहिती कशाच्या अटीवर देणार, याची तारखेसह नोंद व्हॉट्सॲपवर राहते. समोरचा "हो, चालेल" म्हणाला आणि सही राहूनच गेली, तरी हे चॅट पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतं. तेव्हा ते डिलीट करू नका.

करारात काय बघायचं?

पहिलं, सही कोण करतंय. बचत गट बहुतेक वेळा कायद्यानं नोंदवलेली संस्था नसतो. त्यामुळे सदस्यांनी स्वतःच्या नावानं सही करणं किंवा नोंदणीकृत उत्पादक कंपनी असेल तर तिच्या नावानं करार करणं बरं. समोरून बेकरीचा मालक किंवा कंपनीनं अधिकार दिलेला माणूसच सही करतोय ना, हे पाहा. ओव्हन सांभाळणाऱ्या मॅनेजरची सही पुरेशी नाही.

दुसरं, उद्देश. 'ही माहिती फक्त एकत्र काम करायचं की नाही हे ठरवण्यासाठी वापरता येईल', हे वाक्य हवंच. 'कुणाला सांगणार नाही' एवढंच लिहिलं, तर कुणाला न सांगता तो स्वतः बिस्किटं बनवू शकतो आणि वाद घालू शकतो.

तिसरं, यादी. गुप्त माहितीची नावं शेवटी जोडपत्रात लिहायची, जसं 'पीठ प्रमाण तक्ता, एक पान, अमुक तारीख'. प्रत्यक्ष प्रमाण तिथे लिहायचं नाही. 'आमची सगळी माहिती गुप्त' असं सरसकट लिहिलं, तर 'झोंबिवली'सारखाच प्रश्न येतो: नेमकी कोणती?

चौथं, मुदत आणि परतावा. बोलणी फिसकटली तर कागद परत आणि फोटो डिलीट, हे लिहा. माहिती किती वर्षं गुप्त ठेवायची, तेही लिहा.

इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात 'समोरच्यानं पाच वर्षं असा धंदा करायचा नाही' अशी ओळ कधीकधी असते. ती काढा. करार कायद्याचं कलम 27 धंद्यावर अशी बंदी घालू देत नाही. माहिती वापरण्यावर बंदी चालते, बिस्किटं बनवण्यावर नाही.

करार स्टॅम्प पेपरवर करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अशा करारांना 100 ऐवजी 500 रुपयांची स्टॅम्प ड्युटी लागते. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण ड्युटी आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुरावा म्हणून घेत नाही.

समोरच्यानं नाही म्हटलं तर?

नकार म्हणजे फसवणूकच, असं नसतं. रोज दहा प्लॅन ऐकणारे गुंतवणूकदार सहसा पहिल्या भेटीत एनडीएवर सही करत नाहीत. काही निर्मिती संस्था तर उलटा कागद पुढे करतात: 'आमच्याकडे अशीच कल्पना आधीपासून असू शकते, तुम्ही दावा करणार नाही.' त्यावर वाचल्याशिवाय सही करू नका, कारण तो एनडीएच्या नेमका विरुद्ध कागद आहे.

अशा वेळी माहिती टप्प्याटप्प्यानं द्यायची. पहिल्या भेटीत बिस्किट, ते किती दिवस टिकतं आणि किती माल देता येईल, एवढंच. ओव्हनवर चाचणी घ्यायची असेल तर गटानं पीठ खोडाळ्यातच मिसळून, वजन करून, बंद पिशव्यांतून न्यायचं. बेकरीवाल्याला बिस्किट भाजता येईल, प्रमाण मात्र कळणार नाही.

सही झाली तरी ही पिशवीची पद्धत सोडू नका. करार मोडला तर मोखाड्याहून कोर्टाच्या तारखांना जाणं, वकिलाची फी आणि झालेलं नुकसान आकड्यांत सिद्ध करणं, हे सगळं गटालाच करावं लागतं. शिवाय कुणी बाजारातून तुमचं बिस्किट विकत आणलं आणि स्वतः प्रयोग करून तसंच बनवलं, तर एनडीए त्याला अडवू शकत नाही. त्यामुळे पिठाचं प्रमाण लिहिलेलं ते एक पान सगळ्यात शेवटी, पक्का धंद्याचा करार झाल्यावर आणि खरंच गरज असेल तरच द्यायचं.