विकलेल्या मालाचा उरलेला खर्च

पाण्याचा पंप दुकानातून गिऱ्हाइकाच्या घरी किंवा शेतकऱ्याच्या विहिरीवर पोहोचतो, तेव्हा त्याची किंमत कंपनीच्या विक्रीत जमा झालेली असते. त्या पंपावरचा खर्च मात्र संपलेला नसतो. दोन वर्षांची वॉरंटी दिली असेल, तर त्या काळात वाइंडिंग जळाले, सील गळू लागले किंवा कॅपॅसिटर उडाला, तरी दुरुस्तीचे पैसे कंपनीच द्यायचे असतात. पैसे पुढच्या वर्षी जाणार असले तरी खर्च या वर्षीच्या विक्रीचा आहे. म्हणून त्याचा अंदाज करून विक्रीच्याच वर्षी हिशेबात रक्कम राखून ठेवावी लागते. हीच वॉरंटीची तरतूद.

भारतात मोठ्या कंपन्यांना यासाठी ‘इंड एएस ३७’ हे लेखामानक लागू होते आणि इतरांना ‘एएस २९’. एकेका पंपाकडे पाहिले तर तो बिघडण्याची शक्यता अगदी कमी असते. पण मानक सगळा विकलेला माल एकत्र पाहायला सांगते, आणि लाखभर पंपांपैकी काही बिघडणार हे जवळपास ठरलेलेच असते. सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये रोटॉर्क कंट्रोल्स इंडिया या कंपनीच्या प्रकरणात हाच विचार मान्य केला. आयकर विभागाचे म्हणणे असे होते की ही देणी अनिश्चित आहेत, म्हणून त्यांची वजावट मिळणार नाही. न्यायालयाने वजावट मान्य केली, पण तरतुदीला मागच्या अनुभवाचा आधार हवा हेही स्पष्ट केले. आकडा मनाने लिहून चालत नाही. दाव्यांच्या इतिहासातून तो निघाला पाहिजे.

लेखापरीक्षकाचे काम इथून सुरू होते. तरतूद हा अंदाज असल्याने तिच्यासाठी दाखवायला बिल नसते. अंदाजांच्या तपासणीसाठी ‘एसए ५४०’ हे लेखापरीक्षण मानक आहे. अंदाज कोणत्या पद्धतीने केला, त्यासाठी कोणती माहिती वापरली, कोणती गृहीतके धरली आणि मागचे अंदाज प्रत्यक्षात कितपत खरे ठरले, हे त्यात पाहायचे असते.

एक काल्पनिक पंप कंपनी घेऊ. तिची विक्री २०२१-२२ मध्ये ४० कोटी रुपये, त्यानंतर अनुक्रमे ६० कोटी आणि ८० कोटी, आणि २०२४-२५ मध्ये १२० कोटी झाली. वॉरंटी दोन वर्षांची आहे. कंपनी पहिल्यापासून दरवर्षी विक्रीच्या दीड टक्का तरतूद करते. वित्त विभागाने लेखापरीक्षकापुढे ठेवलेला हिशेब सरळ आहे: २०२४-२५ मध्ये दाव्यांपोटी १ कोटी ६६ लाख रुपये गेले, म्हणजे वर्षाच्या विक्रीच्या सुमारे १.४ टक्के. तरतूद दीड टक्क्याची, म्हणजे पुरेशी.

चूक याच भागाकारात आहे. २०२४-२५ मध्ये आलेले दावे बहुतांशी त्या वर्षी विकलेल्या पंपांचे नाहीत. ते आधीच्या, कमी विक्रीच्या वर्षांतल्या पंपांचे आहेत. त्यांना यंदाच्या फुगलेल्या विक्रीने भागले की टक्केवारी आपोआप खाली येते. विक्री वाढत असेपर्यंत हा भ्रम टिकतो. विक्री थांबली की मागच्या मोठ्या वर्षांचे दावे लहान विक्रीवर येऊन पडतात आणि टक्केवारी एकाएकी चढते.

म्हणून लेखापरीक्षक दावे पैसे दिल्याच्या वर्षाप्रमाणे मांडत नाही. प्रत्येक दाव्यातला पंप कोणत्या वर्षी विकला गेला होता हे अनुक्रमांकावरून शोधतो आणि त्या वर्षाच्या विक्रीपुढे तो दावा लिहितो. वॉरंटी दोन वर्षांची असल्याने एका वर्षाच्या विक्रीचे दावे तीन आर्थिक वर्षांत पसरतात. आपल्या कंपनीत २०२१-२२ च्या ४० कोटींच्या विक्रीवर त्याच वर्षी १६ लाखांचे, पुढच्या वर्षी ४४ लाखांचे आणि तिसऱ्या वर्षी २० लाखांचे दावे आले. एकूण ८० लाख, म्हणजे विक्रीच्या दोन टक्के. २०२२-२३ च्या मालाची वॉरंटीही आता संपली आहे, आणि तिथेही दोनच टक्के निघतात. सुरुवातीला ०.४ टक्का, मग १.१ आणि शेवटी ०.५, ही चालही दोन्ही वर्षांच्या मालात सारखीच आहे.

ही चाल हाती आली की वर्षअखेरीला किती रक्कम हवी हे काढता येते. ३१ मार्च २०२५ रोजी २०२३-२४ च्या मालाचा फक्त शेवटचा अर्धा टक्का बाकी आहे: ८० कोटींवर ४० लाख. २०२४-२५ च्या मालाचा अजून १.६ टक्का यायचा आहे: १२० कोटींवर १ कोटी ९२ लाख. मिळून २ कोटी ३२ लाख हवेत. चार वर्षांत केलेल्या तरतुदींतून दिलेले दावे वजा केले, तर पुस्तकात उरतात ८२ लाख. तूट दीड कोटीची. वित्त विभागाचा हिशेब आणि हा हिशेब एकाच दाव्यांवरून केलेले आहेत. फरक फक्त त्यांना कोणत्या विक्रीपुढे ठेवले याचा आहे.

दुसरी कसोटी मागे वळून पाहण्याची आहे, आणि अशा प्रकरणात तीच सर्वांत बोलकी ठरते. ३१ मार्च २०२३ च्या ताळेबंदात ही तरतूद ६६ लाख होती. त्या तारखेपर्यंत विकलेल्या पंपांवर पुढच्या दोन वर्षांत प्रत्यक्षात १ कोटी १६ लाखांचे दावे आले. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला म्हणून तो लगेच चूक ठरत नाही, कारण अंदाज चुकू शकतो हे मानकही मान्य करते. त्या वेळी काय माहीत होते किंवा सहज कळू शकले असते, हा खरा प्रश्न असतो. इथे २०२१-२२ च्या मालाचा पूर्ण दोन टक्क्यांचा अनुभव मार्च २०२४ पर्यंत कंपनीच्याच नोंदींत जमा झाला होता. तो असताना त्या वर्षीचा ताळेबंद दीड टक्क्यावरच केला असेल, तर तुटीचा तेवढा भाग अंदाजातला बदल राहत नाही. ती मागच्या वर्षाची चूक होते आणि रक्कम महत्त्वाची असेल तर मागचे आकडेही दुरुस्त करावे लागतात.

एवढा हिशेब ज्यावर उभा आहे, ते दाव्यांचे आकडेच अपुरे असतील तर सगळेच कोसळते. म्हणून लेखापरीक्षक नमुन्यादाखल काही दावे निवडून मुळापर्यंत जातो. एका दाव्याच्या फाइलमध्ये गिऱ्हाइकाच्या बिलाची प्रत, दुकानदाराचा शिक्का असलेले वॉरंटी कार्ड, सेवा केंद्राचे जॉब कार्ड, बदललेल्या सुट्या भागाची नोंद आणि विक्रेत्याला दिलेली क्रेडिट नोट असायला हवी. जॉब कार्डावर तीन तारखा महत्त्वाच्या असतात: तक्रार आली ती, पंप बसवला ती आणि दावा मंजूर झाला ती. पंप कारखान्यातून डिसेंबरमध्ये निघून विक्रेत्याच्या गोदामात चार महिने पडून राहिला असेल, तर वॉरंटी एप्रिलपासून मोजली जाते, डिसेंबरपासून नाही. तिचे शेवटचे दावेही तितकेच उशिरा येतात.

मग उलट दिशेने शोध घ्यायचा असतो: वॉरंटीचा खर्च दुसऱ्या कोणत्या खात्यात लपला आहे का? भांडारातून सेवा केंद्राला फुकट दिलेले सुटे भाग बऱ्याचदा ‘उपभोग्य साहित्य’ म्हणून लिहिले जातात. विक्रेत्याला पंप बदलून दिला तर ती रक्कम विक्रीवरच्या सवलतीत मिसळते. वाहतूक, सेवा केंद्राच्या तंत्रज्ञांचा पगार, वॉरंटी संपल्यावर नाव सांभाळण्यासाठी दिलेली दुरुस्ती, यांतले काय हिशेबात धरले आणि काय नाही, हे विचारावे लागते. सुट्या भागांची भांडारातली जावक आणि मंजूर दाव्यांत लागलेले भाग शेजारी ठेवले की गळती कुठे आहे ते चटकन दिसते. कॅपॅसिटर पुरवठादाराकडून भरपाई मिळणार असेल, तर ती जवळजवळ निश्चित असल्याशिवाय धरता येत नाही. धरली तरी इंड एएस ३७ प्रमाणे तरतूद पूर्णच दाखवायची आणि भरपाई वेगळी येणी म्हणून लिहायची.

वर्षअखेरीनंतरचे दावेही पुरावा असतात. महाराष्ट्रात उन्हाळा हा पंपांचा कसोटीचा काळ. पाणी खोल जाते, पंप जास्त वेळ चालतो, विजेचा दाब कमी-जास्त होतो. ३१ मार्च नेमका या हंगामाच्या मधोमध येतो. एप्रिल-मेमध्ये आलेले दावे पाहिले, तर मार्चअखेर विक्रेत्यांकडे किती तक्रारी अडकल्या होत्या ते कळते, आणि नवा माल जुन्या चालीपेक्षा लवकर बिघडतो आहे का याचाही पहिला इशारा तिथेच मिळतो.

हा इशारा महत्त्वाचा, कारण इतिहासालाही मर्यादा असते. वस्तू बदलली की तिचा जुना अनुभव लागू होत नाही. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’ या खेळयंत्रातल्या एका ठरावीक बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून अधिक खर्च नोंदवावा लागेल असे जाहीर केले. असा बिघाड एकाच मुळातून अनेक नगांत पसरतो, तेव्हा मागच्या वर्षांची सरासरी उपयोगी पडत नाही. लेखापरीक्षक म्हणूनच फक्त लेखा विभागात बसून राहत नाही. गुणवत्ता विभागाच्या बैठकांची टिपणे, परत आलेल्या भागांच्या तपासणीचे अहवाल आणि पुरवठादार कधी बदलला याची तारीख तो मागतो. पंप कंपनीने जूनमध्ये नव्या पुरवठादाराचे कॅपॅसिटर घ्यायला सुरुवात केली असेल, तर जूननंतरच्या अनुक्रमांकांचे दावे वेगळे काढूनच पाहावे लागतात. सगळे एकत्र ठेवले तर जुन्या, चांगल्या पंपांच्या गर्दीत नवा दोष दिसत नाही.

चूक नेहमी कमी तरतुदीचीच असते असेही नाही. चांगल्या वर्षात गरजेपेक्षा जास्त रक्कम बाजूला ठेवून मंदीच्या वर्षात ती परत नफ्यात आणणे, हाही हिशेबाचा विपर्यासच आहे. न वापरलेली तरतूद ज्या वर्षी नफ्यात परत आली, त्या वर्षी कंपनीचे ठरलेले लक्ष्य किती थोडक्यात गाठले गेले, हे लेखापरीक्षकाने पाहावे. टक्केवारी बदलली असेल तर तिचे कारण दाव्यांत शोधावे; तिथे ते नसेल तर व्यवस्थापनाने लिहून दिलेले आश्वासन त्याची जागा घेऊ शकत नाही.

सामान्य भागधारकालाही या तपासाचा एक तुकडा स्वतः करता येतो. इंड एएस ३७ नुसार वार्षिक अहवालाच्या टिपांत तरतुदीची वर्षभराची हालचाल द्यावी लागते: सुरुवातीची शिल्लक, वर्षात वाढवलेली रक्कम, दाव्यांसाठी वापरलेली, न वापरता परत घेतलेली आणि अखेरची शिल्लक. वर्षात वापरलेली रक्कम आणि अखेरची शिल्लक शेजारी ठेवली की दावे याच वेगाने आले तर शिल्लक किती काळ पुरेल ते कळते. पंप कंपनीच्या टिपेत वर्षाचा वापर १ कोटी ६६ लाख आणि अखेरची शिल्लक ८२ लाख, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांचे दावे भागतील एवढी. बाजारात असलेल्या तिच्या पंपांची वॉरंटी मात्र अजून दोन वर्षांपर्यंत चालणार आहे.