पेटी मागे कशी येते?

सोकोबान हे 1982 साली बाजारात आलेलं जपानी कोडं. गोदामातला माणूस पेट्या ढकलून ठरल्या जागी नेतो; पेटी ओढता मात्र येत नाही. म्हणून चुकलेली चाल मागे घेण्याची सोय इथे फारच मोलाची.

त्यासाठी दर चालीला अख्ख्या पटाची प्रत ठेवायची गरज नसते. प्रत्येक चालीचं एक अक्षर पुरतं. ही ओळ पाहा: `@` माणूस, `$` पेटी, `.` तिची जागा.

```
#@ $ .#
```

उत्तर `rRR`. `r` म्हणजे उजवीकडे नुसतं पाऊल, `R` म्हणजे पेटी ढकलत पाऊल. मागे जाताना `R` असेल तर माणसाबरोबर पेटीही एक घर मागे आणायची. दोन चाली उलटवल्या की माणूस पेटीला अगदी खेटून उभा असतो. आता पेटी ओढायची की नाही? अक्षर लहान आहे, म्हणजे नाही. हा भेद नोंदवला नसता तर पेटी नाहक सरकली असती.

हीच अक्षरं सुरुवातीपासून चालवली की पूर्ण डाव पुन्हा दिसतो. सोकोबानमध्ये नशिबाचा भाग नाही. नकाशा मात्र तोच हवा. एखादी भिंत हलली तर `R` येतो आणि समोर पेटीच नसते. तिथेच थांबून नोंद जुळत नसल्याचं सांगावं. पुढचं सगळं चुकीचंच दिसणार.