दुकानातला ‘कच्चा’ काजू कितपत कच्चा?

शिरूर-दौंडच्या किराणा दुकानांत काजू दोन तऱ्हेचे मिळतात: भाजलेले खारे आणि पांढरे ‘कच्चे’. भाजीच्या वाटणाला, शिऱ्याला, काजूकतलीला हे पांढरेच लागतात. हा भाग काजू पिकवणारा नव्हे, त्यामुळे बी झाडावरून काढली, फोडली आणि पाकिटात भरली, असं बहुतेकांना वाटतं. कच्चा काजू अंगावर उततो हे कानावर आलेला माणूस मग हे पांढरे काजू भिजवून खायलाही कचरतो.

हे पांढरे काजू भाजलेले नसतात, एवढंच खरं. वेंगुर्ला, चंदगड किंवा आजऱ्याकडच्या कारखान्यात बी आली की आधी ती उन्हात वाळवतात. मग बंद भांड्यात वाफ देतात, म्हणजे आतला गर टरफलापासून सुटतो. पुरती निवली की यंत्राच्या पात्यांत धरून एकेक बी फोडतात. निघालेला गर साधारण सत्तर अंशांच्या गरम हवेत कित्येक तास सुकवतात, तेव्हा कुठे त्यावरची तांबूस साल निघते. शेवटी प्रतवारी. पाकिटावर ‘डब्ल्यू 320’ लिहिलेलं असेल, तर एका पौंडात साधारण तेवढे अख्खे काजू बसतात. म्हणजे आपण ‘कच्चा’ म्हणतो तो काजू एकदा वाफवलेला आणि एकदा तापवलेला असतो.

मग अंगावर उततं ते काय? ज्यांनी बिब्बा हाताळला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. काजूचं टरफल दुपदरी असतं आणि मधल्या जाळीदार थरात काळपट, चिकट तेल भरलेलं असतं. त्यातली अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्यं कातडी जाळतात, शिवाय काहींच्या शरीराला त्यांची अ‍ॅलर्जी जडते. अशा माणसाला तेल लागलं की पुरळ, खाज आणि फोड बहुधा लगेच नाही, तर एक-दोन दिवसांनी उठतात. त्यामुळे काजूवर संशयही जात नाही. बिब्ब्याच्या बाहेरच्या भागात असंच तेल असतं आणि आतली गोडंबी मात्र आपण डिंकाच्या लाडवात घालतो. काजूचंही तसंच आहे: दाह टरफलात, गर निर्धोक.

इथे आणखी एक गैरसमज निघतो, आणि तो शिकलेल्यांतही आढळतो. उष्णतेने काजूतलं ‘विष’ मरतं, असं सर्रास सांगितलं जातं. वाफेने हे तेल नाहीसं होत नाही. वाफवलेली बी फोडणाऱ्या बायकांचे हात आजही काळे पडतात, म्हणून त्या हाताला तेल लावतात, राख लावतात किंवा हातमोजे घालतात. आपल्यापर्यंत येणारा काजू सुरक्षित असतो तो मुख्यतः टरफल आणि साल नीट वेगळी केल्यामुळे. हे वेगळं करणं चुकलं की काय होतं, ते 1982 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दिसलं. मुलांच्या बेसबॉल संघटनेने निधीसाठी विकलेले काजू खाऊन पन्नासहून जास्त लोकांच्या अंगावर खाजरं पुरळ उठलं. मोझांबिकहून आलेल्या त्या काजूंच्या पाकिटांत टरफलाचे तुकडे सापडले.

खरोखरचा कच्चा काजू पाहायचा तर शिमग्याच्या सुमारास कोकणात जावं. हिरवी बी चिरून ओले काजूगर काढतात, गरम पाण्यात टाकून सोलतात आणि त्यांची उसळ करतात. त्याला तोड नाही, पण चिरणाऱ्याच्या बोटांची सालं निघतात.

काजू खाताच काही मिनिटांत ओठ सुजणं, उलटी किंवा धाप लागणं हा मात्र वेगळा प्रकार. ती गरातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी. टरफलाशी तिचा संबंध नाही, काजू भाजूनही ती टळत नाही आणि ती जिवावर बेतू शकते. अशा वेळी थेट दवाखाना गाठावा.

पाकिटातल्या काजूला काळपट, चिकट डाग किंवा टरफलाची कपची दिसली, तर तो दाणा टाकून द्या. बाकी पांढरे काजू भिजवून खायला हरकत नाही. जपायचं ते कोकणातल्या पाहुण्यांनी आणलेल्या टरफलासकट बियांना. त्या स्वयंपाकघरात गॅसवर भाजू नका. तेल उडतं, पेट घेतं आणि धुराने डोळे व घसा चुरचुरतो. भाजायच्याच तर अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून भाजा. निवल्यावर हाताला खोबरेल चोळून फोडा, त्या हाताने डोळे पुसू नका आणि काम होताच साबणाने हात धुवा. मुलांना टरफल दातांनी फोडू देऊ नका.