सील तुटल्यावर बाटलीतल्या पाण्याचं काय होतं?

हॉटेलात टेबलाशी बसलं की वेटर विचारतो, ‘साधं पाणी की मिनरल?’ ‘मिनरल’ म्हटलं की सीलबंद बाटली येते. ती फिरवून लेबलावरची बारीक अक्षरं वाचली, तर बहुतेक वेळा तिथे ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असं छापलेलं असतं. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतांश बाटल्या याच वर्गातल्या आहेत. रेल्वे स्थानकांवर मिळणारं ‘रेल नीर’ही त्यातलंच. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ हा वर्ग वेगळा आहे, त्याचं मानक वेगळं आहे आणि लेबलही वेगळं असतं.

फरक आहे तो पाणी कुठून येतं आणि बाटलीत जाण्याआधी त्याचं काय केलं जातं, यात. पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटरचा स्रोत कोणताही चालतो. बोअरवेल, नदी, नळ, अगदी समुद्राचं पाणीसुद्धा. ते गाळायचं, कार्बनमधून न्यायचं, बहुतेक ठिकाणी आरओच्या पडद्यातून दाबून काढायचं. त्यात बरेचसे क्षार निघून जातात आणि पाणी बेचव लागतं. म्हणून काही उत्पादक त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार मोजून परत घालतात. लेबलावर ‘विथ अ‍ॅडेड मिनरल्स’ लिहिलेलं असतं ते यामुळे. त्या शब्दांमुळे ते मिनरल वॉटर ठरत नाही. शेवटी ओझोन किंवा अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करून बाटली बंद केली जाते. या पाण्याचं मानक आयएस 14543.

नॅचरल मिनरल वॉटरचं मानक आयएस 13428. हे पाणी जमिनीखालच्या एका ठरावीक झऱ्यातून किंवा विंधणीतून यावं लागतं आणि उगमाजवळच बाटलीत भरावं लागतं. त्यातले क्षार हे त्या खडकातून झिरपताना आलेले असतात आणि त्यांचं प्रमाण वर्षभर जवळपास सारखं राहावं, अशी अपेक्षा असते. लोह, गंधक असे अस्थिर घटक हवा देऊन व गाळून काढता येतात, पण मूळ घडण बदलेल अशी प्रक्रिया चालत नाही. आरओ नाही आणि वरून क्षार घालणंही नाही. हिमाचल प्रदेशातलं ‘हिमालयन’ किंवा फ्रान्समधलं ‘एव्हियां’ हे या वर्गातलं पाणी. अशा बाटलीवर उगमाचं नाव आणि ठिकाण छापलेलं असतं. लेबलावर उगम सापडला नाही, तर ते मिनरल वॉटर नाही असं समजायला हरकत नाही.

मग यातलं जास्त सुरक्षित कोणतं? मानक पाळलं असेल तर दोन्ही सारखीच. विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटरमध्ये लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत लागतं, तर मिनरल वॉटरमध्ये ते 150 ते 700 असू शकतं. हा चवीचा आणि किमतीचा फरक आहे. कुठलाही रोग बरा करण्याचा दावा यांपैकी कोणत्याही बाटलीला करता येत नाही.

सुरक्षिततेसाठी लेबलावर दुसऱ्या गोष्टी पाहाव्या लागतात. ‘एफएसएसएआय’चा 14 आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, भरल्याची तारीख आणि ‘बेस्ट बिफोर’. पूर्वी आयएसआय शिक्क्याशिवाय बाटलीबंद पाणी विकताच येत नव्हतं. ही सक्ती ऑक्टोबर 2024 मध्ये उठली आणि त्याच वर्षाअखेरीस ‘एफएसएसएआय’ने हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांत घातलं. बाटलीवर आयएसआय शिक्का असेल तर त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, हे समजतं. लग्नकार्यात आणि ऑफिसात येणाऱ्या, थंडगार पाण्याच्या तोटीवाल्या सुट्या जारवर यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं. सील नाही, बॅच नाही, तारीख नाही. ते पाणी चांगलं असेलही, पण ते तपासण्याची कुठलीच खूण ग्राहकाच्या हातात राहत नाही.

इथवरची सगळी हमी झाकण बंद असेपर्यंतची. झाकण फिरवलं की काय बदलतं, ते समजण्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, बाटलीतलं पाणी निर्जंतुक नसतं. मानकानुसार 250 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय किंवा कॉलिफॉर्म एकही सापडता कामा नये. मात्र निरुपद्रवी साध्या जिवाणूंना मर्यादित मुभा आहे. 37 अंश सेल्सियसला 24 तास ठेवून तपासलं तर मिलिलिटरमागे 20 वसाहतींपर्यंत चालतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नळाच्या पाण्यात महापालिका थोडं क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवते, म्हणजे वाटेत जंतू शिरले तरी ते मरतात. बाटलीतला ओझोन मात्र थोड्याच वेळात विघटित होऊन त्याचा ऑक्सिजन होतो. क्लोरीनचा वास नाही म्हणून बाटलीचं पाणी छान लागतं, पण त्याच कारणाने बाहेरून आत गेलेल्या जंतूला अडवणारंही तिथे कोणी नसतं. नळाचं पाणी हे पहारेकरी बसवलेलं घर आहे, तर बाटलीला फक्त दाराचं कुलूप आहे.

आता एक बाटली घेऊ. मे महिन्यात दादरहून नागपूरला निघालेल्या प्रवाशाने दुपारी एक लिटरची बाटली फोडली. तोंड लावून दोन घोट घेतले, बाटली सीटशेजारच्या जाळीत ठेवली. प्रत्येक घोटाबरोबर तोंडातली थोडी लाळ आणि अन्नाचे कण परत आत जातात. त्या लाळेत जिवाणू असतातच आणि त्यांना लागणारं खाद्यही त्या कणांतून मिळतं. डब्यातलं तापमान पस्तिशीच्या पुढे, म्हणजे माणसाच्या अंगाइतकं. माणसाच्या तोंडात राहणाऱ्या जिवाणूंना याहून सोयीचं काही नाही. ‘वॉटर एन्व्हायर्नमेंट रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात 2005 साली आलेल्या एका अभ्यासात, तोंड लावून प्यायलेल्या बाटलीतलं पाणी 37 अंशांना 48 तास ठेवलं, तेव्हा मिलिलिटरमागे एकाहून कमी असलेली वसाहतींची संख्या सुमारे 38 हजारांवर गेली. फ्रिजमध्ये ही वाढ खूपच मंदावली.

एवढे जिवाणू असूनही पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. डोळ्यांना गढूळपणा जाणवायला मिलिलिटरमागे दशलक्षांच्या घरात जिवाणू लागतात. म्हणून वास घेऊन किंवा उजेडात धरून उघड्या बाटलीची पारख होत नाही. हिशेब वेळेचा आणि तापमानाचाच ठेवावा लागतो.

हे जिवाणू पिणाऱ्याच्याच तोंडातले असतात, त्यामुळे धडधाकट माणूस त्याने सहसा आजारी पडत नाही. धोका वाढतो तो बाटली हातोहात फिरते तेव्हा. एकाला सर्दी-ताप किंवा जुलाब असले, तर तोंडाच्या कडेवरून आणि न धुतलेल्या हातांतून ते इतरांपर्यंत जातात. कॅनडातल्या कॅलगरी शहरात प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या पाण्याच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा काहींमध्ये विष्ठेतून येणारे कॉलिफॉर्मही सापडले. त्याच बाटल्या न धुता पुन्हा पुन्हा भरणं आणि नीट न धुतलेले हात ही त्याची संभाव्य कारणं होती. हा अभ्यास 2002 सालचा.

उघडलेली बाटली किती तास चालते, याचा आकडा भारतीय मानकात नाही. व्यवहारात धरायची मर्यादा मात्र वरच्या कारणांतून सरळ निघते. तोंड लावलेली बाटली त्याच दिवशी संपवावी. उन्हाळ्यात, बाहेर, काही तासांतच. रात्रभर गरम जागी राहिलेलं उरलेलं पाणी सकाळी झाडांना घालावं. तोंड न लावता पेल्यात ओतून घेतलेली आणि लगेच झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली दोन-तीन दिवस चालते. 20 लिटरचा सीलबंद जार घरात आणला, तर पाणी कमी होईल तशी त्यात बाहेरची हवा शिरते आणि तोटीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो. त्यामुळे तो सावलीत ठेवावा, काही दिवसांत संपेल एवढाच घ्यावा आणि जार बदलताना दर वेळी डिस्पेन्सरची तोटी व हातपंपाची नळी धुवावी.

तान्ह्या बाळाची पावडर कालवताना ताजी फोडलेली बाटलीसुद्धा तशीच वापरू नये. पाणी उकळावं आणि ते 70 अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर घालावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण पावडरही निर्जंतुक नसते. बाळाला पाजण्याआधी अर्थातच ते दूध कोमट होऊ द्यावं. केमोथेरपी घेणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांनीही उघड्या बाटलीतलं उरलेलं पाणी टाळावं.

गाडीत तापलेल्या बाटलीबद्दलची भीती थोडी वेगळी आहे. पेट प्लास्टिक बनवताना वापरलेला अँटिमनी हा धातू उष्णतेने पाण्यात उतरतो, हे खरं. पण अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2008 साली दाखवलं की, सतत 60 अंशांना ठेवलेल्या बाटलीत अमेरिकेची मर्यादा ओलांडायला 176 दिवस लागतात. 80 अंशांना मात्र दोन-तीन दिवस पुरतात. म्हणजे एका दुपारी गाडीत राहिलेली सीलबंद बाटली फेकायची गरज नाही, पण उन्हात महिनोन्‌महिने थप्प्या लावून ठेवलेल्या बाटल्या घेऊ नयेत. ‘बेस्ट बिफोर’ तारीखही मुख्यतः यासाठीच असते. काळ जातो तसा प्लास्टिकचा वास आणि चव पाण्यात उतरते.

बाटली विकत घेताना झाकणाखालची कडी पाहावी. ती अखंड हवी आणि झाकण फिरवताना ‘कट’ असा आवाज होऊन तुटायला हवी. कडी आधीच तुटलेली असेल किंवा झाकण सैल फिरत असेल, तर ती बाटली परत करावी. पैसे देऊन झाले असतील तर ती न फोडता बिलासह जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. तपासणीसाठी बॅच क्रमांक लागतो आणि तो त्या बाटलीवरच असतो. रिकामी बाटली मात्र चुरगाळूनच टाकावी, म्हणजे ती कोणाला पुन्हा भरून विकता येणार नाही.