पाय टेकवतो का?

रात्री धडधाकट झोपलेलं पोर सकाळी उठतं आणि डावा पाय टाकायला तयार होत नाही. कुठे पडलेलं नाही, खरचटलेलं नाही, सूजही दिसत नाही. कुठे दुखतं विचारलं, तर गुडघ्यावर बोट ठेवतं. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे अशी मुलं पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हमखास येतात. त्यांतली बहुतेक आठवड्याभरात पुन्हा पळायला लागतात. एखाद्याच्या सांध्यात मात्र पू होत असतो आणि तिथे हिशेब तासांचा असतो. सुरुवातीला ही दोन्ही मुलं सारखीच लंगडतात, म्हणून फरक लंगडण्यात शोधायचा नसतो.

गेल्या ऑगस्टमध्ये आलेला पाच वर्षांचा मुलगा घ्या. वजन सतरा किलो, आठ-दहा दिवसांपूर्वी सर्दी-खोकला होऊन गेलेला. सकाळी आईचा हात धरून लंगडत आला. बरोबर आजी होत्या. त्यांनी रात्रीच कोमट तेलानं गुडघा चोळून दिला होता. "डॉक्टर, शीर चढलीय त्याची. परवा ओट्यावरून उड्या मारत होता," त्या म्हणाल्या. उडी मारल्याचं आठवणं साहजिक आहे, कारण पाच वर्षांचं मूल रोजच उड्या मारतं. त्यामुळे लंगडण्याच्या आदल्या दिवशी काही ना काही 'झालेलं' सापडतंच, आणि घरचे सगळे त्यावर समाधान मानतात.

दुखणं गुडघ्यात नव्हतंच, ते खुब्यात होतं. खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला संवेदना पुरवणारी नस काही प्रमाणात एकच आहे. त्यामुळे खुबा दुखतो तेव्हा मुलाला मांडी किंवा गुडघा दुखल्यासारखं वाटतं. ते खोटं बोलत नसतं. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला आला आणि सगळे निश्चिंत झाले, असं म्हणूनच वारंवार होतं. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबा तपासलाच पाहिजे.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं आणि भोवती घट्ट पिशवी असते. पिशवीच्या आतलं पातळ अस्तर सांध्याला वंगणासारखा थोडा द्रव पुरवतं. बरेचदा सर्दी-तापानंतर एक-दोन आठवड्यांनी हे अस्तर चिडतं, सुजतं आणि जास्त द्रव पाझरायला लागतं. पिशवी ताणली की दुखतं. ही खुब्याची तात्पुरती सूज. ती का येते याचं पक्कं उत्तर आजही नाही. साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांत ती दिसते, मुलींपेक्षा मुलग्यांत जवळपास दुप्पट, आणि एक-दोन आठवड्यांत मागे काही न ठेवता जाते.

दुसऱ्या आजारात त्याच पिशवीत जंतू शिरतात. ते बहुधा रक्तातून येतात आणि बरेचदा स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात, म्हणजे त्वचेवरच्या गळवाला कारण होणारेच. पिशवीत पू साठतो. पुवातले पाचक रस हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा खायला लागतात, आणि ती कूर्चा पूर्वीसारखी पुन्हा उगवत नाही. शिवाय हाडाच्या डोक्याला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या या पिशवीतूनच जातात. आत दाब वाढला की त्या चेपतात आणि डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. उपचाराला चार-पाच दिवस उशीर झालेल्या मुलांत पाय आखूड राहणं, सांधा आखडणं, कायमचं लंगडणं हे जास्त दिसतं.

आता अडचण अशी की सोनोग्राफीत दोन्ही आजारांत खुब्यात द्रव दिसतो. तो निव्वळ पाणी आहे की पू, हे पडद्यावर सांगता येत नाही. एक्स-रे तर सुरुवातीला दोन्हीकडे चांगलाच येतो. मग ठरवायचं कसं? 1999 साली बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले डॉ. मिनिंदर कोचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या जुन्या नोंदी तपासून चार खुणा निवडल्या: मूल त्या पायावर भारच देत नाही, ताप 38.5 सेल्सियसच्या वर म्हणजे 101.3 फॅरनहाइटच्या पुढे गेला आहे, रक्तातला ईएसआर 40 च्या वर आहे, आणि पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर आहेत. चारही नसतील तर पुवाची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाली. चारही असतील तर ती 99 टक्क्यांच्या वर गेली. पाच वर्षांनी त्याच रुग्णालयात नव्या मुलांवर हे पडताळलं, तेव्हा चारही खुणा असलेल्यांत ती 93 टक्के भरली. म्हणजे दिशा पक्की आहे, आकडा मात्र जागेनुसार बदलतो. पुढे या चारांत सीआरपी या रक्तचाचणीची भर पडली. तो लिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर गेला की माझे कान टवकारतात.

चारांपैकी दोन खुणांना रक्त काढावं लागत नाही. पाय टेकवतो का आणि ताप किती, हे घरच्यांनाच आधी दिसतं.

त्या मुलाकडे परत येऊ. त्याला पाठीवर झोपवलं आणि शाळेतल्या डब्याच्या गप्पा मारत त्याची मांडी लाटण्यासारखी हलकेच आत-बाहेर फिरवली. शेवटच्या टप्प्यात त्यानं तोंड वाकडं केलं, पण मधला बराच भाग फिरू दिला. पू झालेल्या सांध्यात मूल एवढंही करू देत नाही. ते पाय थोडा दुमडून बाहेरच्या बाजूला टाकून पडतं, कारण त्या स्थितीत पिशवीला जास्तीत जास्त जागा मिळते, आणि हात लावायच्या आधीच ओरडतं. या मुलाचं तापमान 99.2 होतं. तो लंगडत का होईना, चालत आला होता. पांढऱ्या पेशी 9,400, ईएसआर 18, सीआरपी 6. चारांपैकी एकही खूण नाही. सोनोग्राफीत खुब्यात थोडा द्रव होता आणि तो असणारच होता, त्यासाठी सुई घालायची गरज नव्हती.

त्याला आयबुप्रोफेन वजनाप्रमाणे, किलोला 10 मिलिग्रॅम या हिशेबानं, दिवसातून तीनदा जेवणानंतर दिलं. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीत हे औषध घेणाऱ्या मुलांचं दुखणं साधारण दोन दिवसांत थांबलं, न घेणाऱ्यांचं साडेचार दिवसांत. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर मात्र हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. मी आजींना चोळणं बंद ठेवायला सांगितलं आणि आईला एक काम दिलं: दिवसातून चार वेळा ताप मोजून वेळेसकट लिहायचा, तोही औषधाचा डोस द्यायच्या आधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तेव्हा तो एकटा चालत होता, पाचव्या दिवशी लंगडणं गेलं आणि आठव्या दिवशी खुबा दोन्हीकडे सारखा फिरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणं यात सर्वांत महत्त्वाचं आहे. तात्पुरती सूज उतरत जाते, पुवाचा सांधा चोवीस तासांत बिघडत जातो. पहिल्या तपासणीत राहिलेली शंका अनेकदा हा एक दिवसच मिटवतो.

आता दुसरी गोष्ट. अडीच वर्षांची मुलगी, तीन दिवसांपासून लंगडत होती आणि आल्या दिवशी तर उभीच राहत नव्हती. थर्मामीटरनं 99.8 दाखवलं. एवढ्यावर थांबलो असतो तर तापाची खूण 'नाही' अशी नोंदली गेली असती. पण घरचे दर सहा तासांनी पॅरासिटामॉल देत होते, शेवटचा डोस येण्याआधी दीड तास झाला होता. शिवाय थोरल्या भावाच्या घसादुखीतून उरलेलं अँटिबायोटिक सिरप दोन दिवस दिलेलं. आईनं मोबाईलमध्ये आदल्या रात्रीचा ताप टिपला होता: 102.4. सगळा निर्णय त्या एका नोंदीवर फिरला. सीआरपी 94 आला. तिला तडक जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, तिथे सोनोग्राफीखाली सुई घातली तेव्हा गढूळ द्रव निघाला आणि त्याच संध्याकाळी भूल देऊन सांधा उघडून धुतला.

त्या द्रवात जंतू उगवले नाहीत. घरच्या दोन दिवसांच्या अर्धवट अँटिबायोटिकनं त्यांना सांधा सोडायला लावलं नव्हतं, पण प्रयोगशाळेत ओळख पटू नये इतकं दाबलं होतं. त्यामुळे कोणतं औषध अचूक लागेल हे कळलं नाही आणि अंदाजानं जास्त व्यापक औषधं शिरेतून द्यावी लागली, नंतर काही आठवडे तोंडानं. मुलगी आज नीट चालते. खुब्याची वाढ सरळ होते आहे ना, यासाठी तिचा एक्स-रे ठराविक काळानं काढत राहावा लागेल.

या चार खुणांच्या भरवशावर झाकण लावून बसू नये, असंही एक टोक आहे. चार वर्षांखालच्या मुलांत किंगेला नावाचा एक जंतू सांध्यात शिरतो. तो ताप फारसा आणत नाही आणि पेशींचा आकडाही कित्येकदा साधाच ठेवतो. तान्ह्या बाळात तर ताप असेलच असं नाही. ते फक्त एक पाय हलवत नाही आणि लंगोट बदलताना किंचाळतं. त्या वयात वाट पाहायची नसते. आणि लंगडणं दोन आठवड्यांपुढे गेलं, किंवा मूल दुखण्यानं रात्री झोपेतून उठायला लागलं, तर ही तात्पुरती सूज नव्हे. खुब्याचा क्षयरोग, हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी होणारा पर्थेस, क्वचित रक्ताचा कर्करोगही असा सुरू होतो. दहा-पंधरा वर्षांचं स्थूल मूल लंगडलं तर हाडाचं डोकं वाढीच्या ठिकाणी घसरलेलं असू शकतं. त्याला चालायला न लावता त्याच दिवशी खुब्याचे दोन कोनांतून एक्स-रे काढायला हवेत.

पालकांना माझी विनंती एवढीच. लंगडणारं मूल पाय अजिबात टेकवत नसेल, किंवा लंगडण्याबरोबर ताप असेल, मग तो रात्री येऊन सकाळी उतरलेला का असेना, तर उद्यावर टाकू नका. रविवार असला तरी, जिथे मुलांची हाडं पाहणारे डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात न्या. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका, मांडी चोळू नका, हाड बसवून देणाऱ्याकडे नेऊ नका. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत काही खायला घालू नका. आणि गेल्या दोन दिवसांतला ताप, दिलेली औषधं आणि त्यांच्या वेळा एका कागदावर लिहून तो कागद सर्वांत आधी डॉक्टरांच्या हातात द्या.